एकांतर श्रेणी निरपेक्ष अभिसारी की सशर्त? तपासणीचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

श्रेणीत (-1)ⁿ दिसलं की लाइबनित्सची कसोटी लावायची, तिच्या दोन अटींपुढे बरोबरची खूण करायची, ‘श्रेणी अभिसारी आहे’ असं लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. बी.एस्सी.च्या आणि इंजिनिअरिंगच्या उत्तरपत्रिकांत हे सर्रास दिसतं. प्रश्न मात्र वेगळा असतो: अभिसरण निरपेक्ष आहे की सशर्त? लाइबनित्सची कसोटी याचं उत्तर देऊच शकत नाही. निरपेक्ष अभिसारी श्रेणीही ती पार करते आणि सशर्त अभिसारीही करते. त्यामुळे कसोटी बरोबर लावूनही उत्तर अर्धवट राहतं, आणि पुष्कळदा चुकतं.

खरी चूक क्रमात आहे. आधी काय तपासायचं आणि नंतर काय, हे पक्कं असलं तर या प्रकारची बहुतेक उदाहरणं पाच-सहा ओळींत सुटतात.

## व्याख्या, कामापुरत्या

श्रेणी ∑aₙ आहे असं धरू. सगळ्या पदांची केवल मूल्यं घेऊन तयार झालेली ∑|aₙ| ही श्रेणी अभिसारी असेल तर मूळ श्रेणी निरपेक्ष अभिसारी. ∑aₙ अभिसारी आहे पण ∑|aₙ| अपसारी आहे, असं असेल तर मूळ श्रेणी सशर्त अभिसारी.

म्हणजे सशर्त ठरवायला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: एक अपसरण आणि एक अभिसरण. निरपेक्ष ठरवायला एकच पुरते, कारण निरपेक्ष अभिसारी श्रेणी आपोआप अभिसारी असते. कारण सोपं आहे. aₙ + |aₙ| हे नेहमी 0 आणि 2|aₙ| यांच्या दरम्यान असतं, म्हणून तुलना कसोटीने ∑(aₙ + |aₙ|) अभिसारी. त्यातून ∑|aₙ| वजा केली की ∑aₙ उरते, आणि तीही अभिसारी.

## तयारी: चिन्ह वेगळं काढा

श्रेणी aₙ = (-1)ⁿ bₙ अशा रूपात लिहा आणि bₙ > 0 आहे का ते बघा. हे काम तोंडी करू नका, कागदावर bₙ = … अशी वेगळी ओळ लिहा. पुढच्या प्रत्येक टप्प्यात हा bₙ लागणार आहे.

इथे तीन प्रकारचे फसवे पाहुणे येतात. पहिला cos(nπ). तो (-1)ⁿ च आहे, फक्त वेष वेगळा. म्हणून cos(nπ)/n ही एकांतर श्रेणी, पण (-1)ⁿ cos(nπ)/n मध्ये दोन्ही चिन्हं एकमेकांना खातात आणि हातात उरते ती 1/n ची साधी हरात्मक श्रेणी. ती सरळ अपसारी आहे. दुसरा प्रकार म्हणजे (-1) चा घातांक n(n+1)/2 असणं. पहिली चार चिन्हं मांडून बघा: −, −, +, +. ही एकाआड एक चिन्हं नाहीत, त्यामुळे लाइबनित्सची कसोटी थेट लागत नाही. तिसरा प्रकार sin n. त्याची चिन्हं बदलतात, पण ठरावीक पाळीने नाही.

तपासणी: n = 1, 2, 3, 4 घालून चार पदं खरोखर लिहा. चिन्हं एकाआड एक येत नसतील तर टप्पा ३ वापरता येणार नाही. टप्पा १ आणि २ मात्र कोणत्याही श्रेणीला चालतात.

## टप्पा १: bₙ शून्याकडे जातं का?

bₙ ची सीमा 0 नसेल तर श्रेणी अपसारी. इथेच थांबा. निरपेक्ष की सशर्त हा प्रश्नच उरत नाही.

उदाहरणार्थ bₙ = n/(2n+1). याची सीमा 1/2. पुढची पदं जवळजवळ +1/2, −1/2, +1/2 अशी येत राहतात, त्यामुळे आंशिक बेरजा दोन वेगळ्या आकड्यांच्या जवळ आलटून पालटून जातात आणि एका ठिकाणी स्थिरावत नाहीत.

सावधान: सीमा 0 आली म्हणजे फक्त पुढे जायची परवानगी मिळाली. त्यातून अभिसरण सिद्ध होत नाही. टप्पा ३ मध्ये याचं नमुनेदार उदाहरण येतं.

## टप्पा २: आता ∑bₙ तपासा, लाइबनित्स नंतर

क्रमात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लाइबनित्सची कसोटी आधी हाताला येते म्हणून आधी लावली जाते. उलट करा. आधी चिन्हं काढून टाकलेली ∑bₙ तपासा. ती अभिसारी निघाली तर उत्तर ‘निरपेक्ष अभिसारी’ आणि काम संपलं. लाइबनित्सची गरजच पडत नाही, bₙ घटती आहे का तेही बघावं लागत नाही.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे. समजा n विषम असताना bₙ = 1/n² आणि n सम असताना bₙ = 1/n³ आहे. पदं खालीवर होतात, घटती नाहीत. ‘लाइबनित्सची अट मोडली, म्हणून अपसारी’ असा निष्कर्ष काढणारे बरेच असतात. पण प्रत्येक पद 1/n² पेक्षा मोठं नाही, म्हणून श्रेणी निरपेक्ष अभिसारी आहे. लाइबनित्सच्या अटी पुरेशा आहेत, आवश्यक नाहीत. त्या मोडल्या तर कसोटी गप्प बसते, ‘अपसारी’ असं म्हणत नाही.

कोणती कसोटी लावायची हे bₙ च्या चेहऱ्यावरून ठरतं. n! किंवा 3ⁿ सारखे घटक असतील तर गुणोत्तर कसोटी. n चे घात आणि वर्गमुळं असतील तर अंश-छेदातला सर्वांत मोठा घात बघून 1/nᵖ शी तुलना. n सोबत ln n असेल तर संकलन कसोटी.

गुणोत्तर कसोटीबद्दल दोन बारकावे. पहिला: n चे नुसते घात असले की गुणोत्तराची सीमा नेहमी 1 येते आणि कसोटी काहीच सांगत नाही. 1/n ला पण 1, 1/n² ला पण 1. ‘सीमा 1 आली, म्हणून सशर्त’ असं लिहिलेलं मी इतक्यांदा वाचलं आहे की त्याची वेगळी नोंद करावीशी वाटते: हा निष्कर्ष कुठल्याही पुस्तकात नाही. दुसरा: सीमा 1 पेक्षा मोठी आली तर फक्त ∑|aₙ| नाही, मूळ श्रेणीही अपसारी असते, कारण अशा वेळी पदं पुढे पुढे वाढत जातात आणि टप्पा १ मध्येच ती नापास व्हायला हवी होती. तुलना आणि संकलन कसोट्यांबाबत हे खरं नाही. तुलना कसोटीने ∑|aₙ| अपसारी ठरली तर मूळ श्रेणीबद्दल अजून काहीच कळलेलं नसतं.

सावधान: तुलनेची दिशा बघा. n/(n²+25) हे 1/n पेक्षा लहान आहे आणि ∑1/n अपसारी आहे. यातून काही निघत नाही. अपसारीपेक्षा लहान असलेलं काहीही असू शकतं. अपसरण दाखवायचं असेल तर खालून अडवावं लागतं. n ≥ 1 साठी n² + 25 ≤ 26n², म्हणून

```
n/(n² + 25) ≥ n/(26n²) = 1/(26n)
```

आणि आता ∑1/(26n) अपसारी, म्हणून आपलीही अपसारी. असं मोजमाप सुचत नसेल तर सीमा-तुलना कसोटी वापरा: bₙ ला 1/n ने भागल्यावर सीमा 1 येते, ती शून्य नाही आणि अनंतही नाही, म्हणून दोन्ही श्रेणींचं नशीब एकच.

## टप्पा ३: ∑bₙ अपसारी निघाली तरच लाइबनित्स

आता दोन अटी: bₙ ची सीमा 0 (टप्पा १ मध्ये झाली) आणि bₙ घटती. दुसरी अट ‘स्पष्टच आहे’ म्हणून सोडून दिली जाते. ती नेहमी स्पष्ट नसते. वरचंच उदाहरण घेऊ. bₙ = n/(n²+25) ची पहिली सहा मूल्यं अशी:

```
n = 1   0.0385
n = 2   0.0690
n = 3   0.0882
n = 4   0.0976
n = 5   0.1000
n = 6   0.0984
```

पाचव्या पदापर्यंत मूल्यं वाढतायत. घाबरायचं कारण नाही. f(x) = x/(x²+25) चं विकलज घेतलं तर त्याचा अंश 25 − x² येतो, म्हणजे x > 5 साठी ते ऋण. पाचव्या पदापासून पुढे bₙ घटत जाते. सुरुवातीची मोजकी पदं बाजूला काढली तरी श्रेणीचं अभिसरण बदलत नाही, फक्त बेरीज बदलते. म्हणून ‘n ≥ 5 साठी bₙ घटती’ एवढं लिहिलं की पुरे. ते लिहायला मात्र हवं.

घटती असल्याचं दाखवण्याचे तीन मार्ग आहेत: विकलज ऋण दाखवणं, bₙ₊₁/bₙ < 1 दाखवणं, किंवा छेद वाढतो आणि अंश स्थिर आहे असं सरळ म्हणणं. पहिली दोन-तीन मूल्यं काढून ‘बघा, कमी होतायत’ म्हणणं हा मार्ग नव्हे. वरच्या तक्त्यात पहिली पाच मूल्यं बघून तुम्ही बरोबर उलटा निष्कर्ष काढला असता.

आता ती अट खरोखरच मोडली तर काय होतं ते बघू. n = 2 पासून सुरू होणारी ही श्रेणी घ्या:

```
aₙ = (-1)ⁿ / (√n + (-1)ⁿ)
```

छेद अनंताकडे जातो, त्यामुळे पदं शून्याकडे जातात. चिन्हं एकाआड एक आहेत. वरवर बघता सगळं ठीक. पण bₙ ची मूल्यं 0.414, 1.366, 0.333, 0.809, 0.290 अशी खालीवर होतात, आणि हा खेळ कधीच थांबत नाही. अंश आणि छेद दोन्हींना √n − (-1)ⁿ ने गुणलं की पद दोन भागांत फुटतं:

```
aₙ = (-1)ⁿ √n/(n − 1)  −  1/(n − 1)
```

पहिला भाग लाइबनित्सने अभिसारी, कारण √n/(n−1) घटत शून्याकडे जातं. दुसरा भाग हरात्मक श्रेणी, अपसारी. अभिसारी वजा अपसारी म्हणजे अपसारी. आंशिक बेरजा हळूहळू ऋण अनंताकडे सरकतात, कारण प्रत्येक ऋण पद त्याच्या शेजारच्या धन पदांपेक्षा जरा जास्तच मोठं आहे.

याच उदाहरणात आणखी एक सापळा दडलेला आहे. aₙ ला (-1)ⁿ/√n ने भागलं तर सीमा 1 येते, आणि ∑(-1)ⁿ/√n तर अभिसारी आहे! म्हणजे सीमा-तुलना कसोटी इथे चुकीचं उत्तर देते. ती कसोटी फक्त धन पदांच्या श्रेणींसाठी आहे. टप्पा २ मध्ये ती bₙ वर लावा, चिन्हासकट aₙ वर कधीच नाही.

## टप्पा ४: निकाल लिहिणं

(-1)ⁿ n/(n²+25) चं पूर्ण उत्तर असं दिसायला हवं:

bₙ = n/(n²+25) > 0. bₙ ला 1/n ने भागल्यावर सीमा 1, आणि ∑1/n अपसारी, म्हणून ∑bₙ अपसारी. श्रेणी निरपेक्ष अभिसारी नाही. bₙ ची सीमा 0. f′(x) चा अंश 25 − x² असल्यामुळे n ≥ 5 साठी bₙ घटती. लाइबनित्सच्या कसोटीने मूळ श्रेणी अभिसारी. म्हणून ती सशर्त अभिसारी.

मधलं वाक्य, ‘निरपेक्ष अभिसारी नाही’, हे स्वतंत्रपणे लिहा. ‘सशर्त’ हा शब्द त्या वाक्याशिवाय आला की परीक्षकाला दिसतं ते एवढंच, की अर्धं काम मनातल्या मनात उरकलं गेलं.

मोजपट्टी म्हणून (-1)ⁿ/nᵖ हे कुटुंब लक्षात असू द्या. p > 1 असेल तर निरपेक्ष, 0 < p ≤ 1 असेल तर सशर्त, p ≤ 0 असेल तर अपसारी. काठावर लॉगरिदम येतो तेव्हा जपून: (-1)ⁿ/(n ln n) सशर्त आहे, पण छेदात ln n चा वर्ग केला की तीच श्रेणी निरपेक्ष होते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात, फरक संकलन कसोटीच दाखवते.

घातश्रेणीच्या अभिसरण-अंतराळाची टोकं तपासताना हाच क्रम लागतो. ∑xⁿ/n ची त्रिज्या 1 आहे. x = 1 ला हरात्मक श्रेणी मिळते, अपसारी; x = −1 ला सशर्त अभिसारी. अंतराळ [−1, 1). टोकांवर गुणोत्तर कसोटी पुन्हा लावण्यात वेळ घालवू नका, तिथे ती 1 च देणार, कारण टोकं तिच्यामुळेच टोकं ठरली आहेत.

## टप्पा ५: बेरीज हवी असेल तर किती पदं?

लाइबनित्सच्या अटी पाळणाऱ्या श्रेणीत n पदांनंतर थांबलात तर चूक पुढच्या, म्हणजे गाळलेल्या पहिल्या पदापेक्षा जास्त नसते. ही हमी bₙ घटायला लागल्यानंतरच मिळते. n/(n²+25) च्या बाबतीत पहिल्या तीन-चार पदांवर थांबून ती वापरता येणार नाही. चूक 0.01 च्या आत हवी असेल तर b₁₀₀ = 0.00998 हे पहिलं पुरेसं लहान पद, म्हणजे ९९ पदं मिळवावी लागतील.

1 − 1/2 + 1/3 − 1/4 + … या श्रेणीची बेरीज ln 2, म्हणजे 0.693147. चूक 0.001 च्या आत असल्याची या नियमाने खात्री हवी तर ९९९ पदं लागतात. छेदात n² असलेल्या 1 − 1/4 + 1/9 − … साठी ३१ पुरतात. (निरपेक्ष म्हणजे वेगवान असा अर्थ मात्र काढू नका. छेदात n चा 1.01 वा घात असला तरी श्रेणी निरपेक्ष असते आणि हमीचा आकडा जवळजवळ तितकाच रडका.) हाताने करायचं असेल तर लागोपाठच्या दोन आंशिक बेरजांची सरासरी घ्या. ln 2 च्या श्रेणीत दहा पदांची बेरीज 0.6456, अकराची 0.7365, आणि सरासरी 0.6911. एका भागाकारात चूक 0.05 वरून 0.002 वर आली.

## टप्पा ६: फरक नडतो कुठे? पदांची जागा बदलून बघा

मर्यादित बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, आणि निरपेक्ष अभिसारी श्रेणीतही बदलत नाही. सशर्त श्रेणीत बदलतं. ln 2 चीच पदं घ्या. एकही टाकायचं नाही, एकही दोनदा घ्यायचं नाही. फक्त एका धन पदानंतर दोन ऋण पदं घ्यायची:

```
1 − 1/2 − 1/4 + 1/3 − 1/6 − 1/8 + 1/5 − 1/10 − 1/12 + …
```

प्रत्येक धन पद आणि त्याच्या लगेच पुढचं ऋण पद यांची वजाबाकी करा. 1 − 1/2 = 1/2, 1/3 − 1/6 = 1/6, 1/5 − 1/10 = 1/10. उरतं

```
1/2 − 1/4 + 1/6 − 1/8 + 1/10 − 1/12 + …
```

हे मूळ श्रेणीच्या बरोबर निम्मं आहे. बेरीज 0.3466. उलट, दोन धन पदांनंतर एक ऋण घेतलं तर बेरीज दीडपट होते, 1.0397. सर्वसाधारणपणे p धन आणि q ऋण अशा गटांनी घेतलं की बेरीज ln 2 + ½ ln(p/q) येते. विश्वास बसत नसेल तर चालवून बघा:

```python
def beriz(p, q, gat):
    s, d, r = 0.0, 1, 2
    for _ in range(gat):
        for _ in range(p):
            s += 1/d
            d += 2
        for _ in range(q):
            s -= 1/r
            r += 2
    return s

for p, q in [(1, 1), (1, 2), (2, 1)]:
    print(p, q, round(beriz(p, q, 100000), 4))
```

उत्तरं 0.6931, 0.3466 आणि 1.0397. संगणकाच्या पूर्णांकनाचा हा दोष नाही. तीनही उत्तरं आपापल्या क्रमासाठी बरोबर आहेत.

रीमानचं प्रमेय याच्याही पुढे जातं: सशर्त श्रेणीची पदं हलवून हवी ती बेरीज आणता येते. कृती इतकी सरळ आहे की ती करून बघण्यासारखी आहे. समजा 1.5 हवं आहे. 1.5 ओलांडेपर्यंत धन पदं घ्या: 1 + 1/3 + 1/5 = 1.5333. ओलांडलं, आता एक ऋण पद: 1.0333. पुन्हा धन पदं, 1/7 पासून 1/15 पर्यंत: 1.5218. मग −1/4: 1.2718. मग 1/17 ते 1/25: 1.5144. मग −1/6: 1.3477. दर फेरीला 1.5 च्या वर जाणं आणि खाली येणं दोन्ही लहान होत जातं, कारण हा चढउतार शेवटच्या पदाएवढाच असतो आणि पदं शून्याकडे जातात.

ही कृती कधी अडत का नाही? नुसत्या धन पदांची बेरीज अनंत आहे, त्यामुळे कितीही खाली आलात तरी परत वर जायला धन पदं पुरतात. ऋण पदांचंही तसंच. सशर्त श्रेणीत हे दोन्ही साठे नेहमी अनंत असतात. दोन्ही मर्यादित असते तर श्रेणी निरपेक्ष झाली असती, आणि एकच अनंत असता तर श्रेणी अपसारी झाली असती. निरपेक्ष श्रेणीत साठे मर्यादित असतात, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही.

तपासणी: उदाहरण सोडवताना तुम्ही ‘सम पदं एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला’ असं केलंत का? मग आधी निरपेक्ष अभिसरण दाखवा. शेजारशेजारच्या पदांना क्रम न बदलता कंस घालणं मात्र कोणत्याही अभिसारी श्रेणीत चालतं.

## टप्पा ७: दोन श्रेणींचा गुणाकार

दोन अभिसारी श्रेणींच्या कोशी गुणाकारात n वं पद म्हणजे ज्यांच्या क्रमांकांची बेरीज n आहे अशा पदांच्या गुणाकारांची बेरीज. निदान एक श्रेणी निरपेक्ष असेल तर हा गुणाकार अभिसारी असण्याची हमी मिळते. दोन्ही सशर्त असतील तर हमी नाही. ∑(-1)ⁿ/√(n+1) ही n = 0 पासूनची श्रेणी स्वतःशीच गुणा. गुणाकाराच्या n व्या पदात n + 1 तुकडे येतात, सगळे एकाच चिन्हाचे, आणि प्रत्येकाचं केवल मूल्य असं:

```
1/√((k+1)(n−k+1)) ≥ 2/(n+2)
```

दोन संख्यांची बेरीज ठरलेली असेल तर त्या समान असताना गुणाकार सर्वांत मोठा, तेवढंच इथे वापरलं आहे. म्हणून n व्या पदाचं केवल मूल्य किमान 2(n+1)/(n+2). हे 2 कडे जातं, शून्याकडे नाही. दोन अभिसारी श्रेणींचा गुणाकार टप्पा १ मध्येच बाद.

क्रमानुसार बेरीज बदलण्याचा टप्पा ६ मधला प्रकार वर्गाबाहेरही घडतो. मिठाच्या स्फटिकात सोडियमचे धन आणि क्लोरिनचे ऋण आयन तिन्ही दिशांना एकाआड एक असतात. एका आयनावर बाकी सगळ्यांचा मिळून होणारा विद्युत परिणाम काढायचा तर एकाआड एक चिन्हांची, अंतराने भागलेली त्रिमितीय बेरीज येते, आणि ती निरपेक्ष अभिसारी नाही. मध्यभागी ठेवलेले घन मोठे करत बेरीज घेतली तर ती माडेलुंग स्थिरांकाकडे, 1.7476 कडे जाते. गोल मोठे करत घेतली तर ती स्थिरावतच नाही. आयन तेच, अंतरं तीच.

## हात बसण्यासाठी पाच

(-1)ⁿ sin(1/n): n मोठा असताना sin(1/n) हे 1/n सारखं वागतं आणि घटत जातं. सशर्त.

(-1)ⁿ (1 − cos(1/n)): वरच्यासारखंच दिसतं, पण 1 − cos(1/n) हे 1/(2n²) सारखं आहे. निरपेक्ष.

(-1)ⁿ (√(n+1) − √n): वजाबाकी तशीच ठेवली तर काही दिसत नाही. परिमेयीकरण केलं की 1/(√(n+1) + √n). सशर्त.

(-1)ⁿ ⁿ√n: n चं n वं मूळ 1 कडे जातं. टप्पा १ मध्ये अपसारी. पुढे गेलात तर वेळ फुकट.

sin n / n²: ही एकांतर नाहीच, लाइबनित्सचा संबंध नाही. |sin n| ≤ 1, म्हणून टप्पा २ मध्येच निरपेक्ष.